चूक कुणाची, हे न विचारणारा अहवाल

मार्स क्लायमेट ऑर्बिटरची गोष्ट एका वाक्यात सांगता येते, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. मंगळाच्या हवामानाचा अभ्यास करायला नासाने पाठवलेलं हे यान 23 सप्टेंबर 1999 रोजी मंगळापाशी पोहोचलं आणि हरवलं, कारण एका गटाने आकडा पौंडात दिला आणि दुसऱ्या गटाने तो न्यूटनमध्ये आहे असं समजून वाचला. भौतिकशास्त्राच्या तासाला शिक्षक ही गोष्ट सांगतात, वर्ग हसतो, आणि उत्तरापुढे एकक न लिहिल्याबद्दल कापलेल्या अर्ध्या गुणाला भलतंच वजन येतं.

या अपघातावर नासाच्या चौकशी मंडळाने जो अहवाल लिहिला, त्यातही हे वाक्य आहे. पण ते लवकर येतं आणि तिथे अहवाल थांबत नाही. पुढची पानं वेगळ्याच प्रश्नाच्या मागे लागलेली आहेत: एकक चुकलं हे ठीक, पण ती चूक पकडायला जी माणसं, कागद आणि चाचण्या वाटेत उभ्या केल्या होत्या, त्या सगळ्यांच्या हातून ती निसटली कशी? काम फसल्यावर लिहिलेले पुष्कळ अहवाल माझ्या वाचनात आले. कुणाकडेही बोट न दाखवता इतकं स्पष्ट बोलणारा अहवाल मात्र मला क्वचितच भेटला. म्हणून तो कसा रचला आहे हे जरा सावकाश पाहू.

आधी प्रकरण समजून घ्यायला हवं. यान 11 डिसेंबर 1998 रोजी निघालं. ते बांधलं होतं डेन्व्हरच्या लॉकहीड मार्टिन कंपनीने, आणि प्रवासात त्याची वाट आखण्याचं काम होतं पॅसाडेनाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीचं, म्हणजे जेपीएलचं. अंतराळात यानाला आपलं तोंड ठरावीक दिशेला ठेवावं लागतं, आणि त्यासाठी त्याच्या पोटात वेगाने फिरणारी चाकं असतात. या यानाला सौर पंखा एकाच बाजूला होता. सूर्यप्रकाशाचा दाब अगदी नगण्य, पण एकाच बाजूच्या पंख्यावर तो सतत पडत राहिला की यान हळूहळू वळू पाहतं. ते वळू नये म्हणून चाकं अधिकाधिक वेगाने फिरतात, आणि एक वेळ अशी येते की त्यांना आणखी वेग घेता येत नाही. मग छोटे थ्रस्टर फुंकून त्या आधारावर चाकांचा वेग उतरवावा लागतो. या फुंकण्याने यानाला वाटेतून बाजूला सारणारा एक बारीकसा धक्काही बसतो. धक्का किरकोळ असतो, पण मंगळापर्यंतच्या साडेनऊ महिन्यांच्या वाटेवर असे किरकोळ धक्के साठत जातात. त्यामुळे प्रत्येकाचा हिशोब ठेवावा लागतो.

हा हिशोब पृथ्वीवर होत असे. यानाकडून माहिती आली की डेन्व्हरकडचा `SM_FORCES` नावाचा प्रोग्रॅम प्रत्येक धक्क्याचा आकडा काढून एका फाईलमध्ये लिहायचा, आणि ती फाईल वाचून जेपीएलचा नेव्हिगेशन गट यान नेमकं कुठे आहे ते ठरवायचा. आकडा न्यूटन-सेकंदात असावा असं दोन्ही बाजूंमधल्या तपशीलपत्रात लिहिलेलं होतं. प्रोग्रॅम मात्र तो पौंड-सेकंदात देत होता. एक पौंड-सेकंद म्हणजे सुमारे 4.45 न्यूटन-सेकंद. म्हणजे फाईलमध्ये 1 दिसायचा, नेव्हिगेशनवाले तो 1 न्यूटन-सेकंद धरायचे, आणि प्रत्यक्षात यानाला त्याच्या जवळजवळ साडेचारपट धक्का बसलेला असायचा.

आमच्याकडच्या सुताराला याचं नवल वाटणार नाही. तो लाकूड फुटात मागतो, कपाटाची जाडी सुतात सांगतो, प्लायवुड मिलिमीटरमध्ये आणतो आणि कपाट तरीही बसतं. पण ते बसतं कारण तिन्ही मापं एकाच डोक्यात असतात, आणि शंका आली तर तो टेप लावून बघतो. डेन्व्हर आणि पॅसाडेनाच्या मधोमध टेप लावणारं कुणी नव्हतं.

यान मंगळाला पहिली फेरी घालताना पृष्ठभागापासून 226 किलोमीटर उंचीवरून जाईल असं ठरवून 15 सप्टेंबरला वाट शेवटची दुरुस्त केली गेली. पुढच्या काही दिवसांत नेव्हिगेशनचे हिशोब 150 ते 170 किलोमीटर दाखवू लागले. शेवटच्या चोवीस तासांत आकडा 110 वर आला. यान तग धरेल अशी किमान उंची 80 किलोमीटर मानली होती. प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा वाईट होता, पण 80 च्या वरच होता. इंजिन ठरल्या वेळी पेटलं आणि मंगळाच्या आड जाण्याची अपेक्षित वेळ यायच्या 49 सेकंद आधीच संदेश तुटला. वीसेक मिनिटांनी यान पलीकडून बाहेर यायला हवं होतं. ते आलं नाही. नंतर बरोबर एकक घालून गणित केलं तेव्हा उंची निघाली 57 किलोमीटर.

आठवड्याभरात, 30 सप्टेंबरला, एककांचा घोळ नासाने स्वतःच जाहीर केला. वर्तमानपत्रांपुरतं प्रकरण तिथे संपलं. 15 ऑक्टोबरला मार्शल अंतराळ केंद्राचे संचालक आर्थर स्टीफनसन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ नेमलं गेलं, आणि त्याने 10 नोव्हेंबरला पहिला अहवाल दिला. महिनाही लागला नाही. या घाईचं कारण होतं. जवळजवळ त्याच घडणीचं दुसरं यान, मार्स पोलर लँडर, मंगळाच्या वाटेवर होतं आणि 3 डिसेंबरला ते उतरणार होतं. ते बांधणारे आणि चालवणारे लोकही बरेचसे तेच. मंडळाला पहिलं काम सांगितलं गेलं ते हे, की ऑर्बिटरच्या अपघातातून लँडरला उपयोगी पडेल असं जे काही आहे ते आधी काढून द्या.

या एका अटीने अहवालाचा स्वभाव ठरवला असं मला वाटतं. ज्यांची चूक झाली तेच लोक पुढच्या तीन आठवड्यांत दुसरं यान उतरवणार होते. त्यांना कठड्यात उभं केलं असतं तर त्यांनी काय केलं असतं? वकील शोधले असते, ईमेल पुसल्या असत्या, निदान तोंडं तरी मिटली असती. आणि मंडळाला हवी असलेली माहिती फक्त त्यांच्याच तोंडून मिळणार होती. दोष न देणं हा इथे चांगुलपणाचा भाग नव्हता. माहिती मिळवायची ती एकच रीत होती.

अहवाल सुरुवातीलाच दोन शब्दांची व्याख्या करतो. मूळ कारण म्हणजे अपघातापर्यंत जाणाऱ्या साखळीतली पहिली अशी कृती, किंवा करायची राहिलेली कृती, जी पद्धतीने, नियमाने किंवा तो नियम पाळण्याने आवरता आली असती. आणि हातभार लावणारं कारण म्हणजे ज्याने त्या मूळ कारणाला वाट करून दिली किंवा नुकसान वाढवलं असं काहीही. शब्द रुक्ष आहेत, पण त्यांनी एक चतुर काम केलं आहे. ‘अमक्याने लक्ष दिलं नाही’ हे या व्याख्येत मूळ कारण म्हणून बसवताच येत नाही. लक्ष न देणं कोणत्या पद्धतीने आवरता आलं असतं, हे सांगावंच लागतं.

मूळ कारण म्हणून अहवाल एकच गोष्ट लिहितो: जमिनीवरच्या प्रोग्रॅमच्या फाईलमध्ये मेट्रिक एककं वापरली गेली नाहीत. त्याखाली हातभार लावणारी आठ कारणं आहेत, आणि अहवालाचा खरा जीव त्यांत आहे. आठही सांगत बसत नाही. त्यातून जे जाळं दिसतं ते सांगतो.

पहिलं छिद्र चाचणीत होतं. यानावर बसणारं सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा तपासलं जातं, कारण ते बिघडलं तर यान जातं हे सगळ्यांना दिसतं. `SM_FORCES` जमिनीवरचा, फाईल लिहिणारा प्रोग्रॅम. मोहिमेचा जीव त्याच्यावर अवलंबून आहे असं कुणी धरलंच नव्हतं, त्यामुळे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, म्हणजे यानाच्या माहितीपासून नेव्हिगेशनच्या हिशोबापर्यंत, त्याची सलग चाचणी झालेली आढळली नाही. तपशीलपत्र होतं. त्यात न्यूटन लिहिलेलं होतं. ते उघडून बाहेर पडणारा आकडा त्याच्याशी ताडून बघायची पायरी मात्र गाळली गेली होती.

दुसरं छिद्र फारच विचित्र. यान निघाल्यावर पहिले चार महिने ही फाईल वापरताच आली नाही, कारण तिच्या मांडणीतच चुका होत्या. तोवर डेन्व्हरकडून ईमेल यायची की अमुक वेळी थ्रस्टर फुंकले, आणि जेपीएलचा गट त्यावरून स्वतःच गणित करायचा. एप्रिल 1999 मध्ये फाईल दुरुस्त झाली, वापरात आली, आणि जवळजवळ लगेच गटाच्या लक्षात आलं की आकडे जुळत नाहीत. म्हणजे चूक दिसली होती! एप्रिलमध्येच! अहवालाच्या वाचकाने इथे कपाळावर हात मारावा अशी जागा आहे. अहवाल मात्र कपाळावर हात मारत नाही, तो विचारतो की दिसूनही ती पोचली का नाही. उत्तर असं, की अशा शंका नोंदवायला एक औपचारिक रीत होती. नोंद केली की तिला क्रमांक मिळायचा, आणि उत्तर मिळेपर्यंत ती उघडी राहायची. या लोकांनी ती वापरली नाही, ईमेलवर बोलून घेतलं. ईमेलला क्रमांक नसतो. तिचं उत्तर आलं नाही तर ती हळूच खाली सरकते. आपल्या कुणाच्याही कार्यालयात रोज हेच होतं.

एप्रिलनंतर खात्री करून घेणंही अवघड होतं, आणि हे कारण मला सगळ्यांत शिकवून जाणारं वाटतं. पृथ्वीवरून यानाचा वेग मोजतात तो मुख्यतः डॉप्लर परिणामाने, म्हणजे येणाऱ्या रेडिओ लहरीच्या बदललेल्या पट्टीवरून. लांब जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीची पट्टी उतरते, तसंच. पण या रीतीने फक्त आपल्याकडे येण्याचा किंवा आपल्यापासून जाण्याचा वेग कळतो. रस्त्याच्या कडेला उभं राहून शिट्टीवरून गाडी डावीकडे किती सरकली ते कळत नाही. आणि थ्रस्टरचे हे धक्के नेमके आडवे होते. चूक अशा दिशेला साठत होती जिकडे बघायला डोळाच नव्हता.

तिसरी गोष्ट माणसांची, पण कुठल्याही एका माणसाची नाही. यान बांधून होईपर्यंत नेव्हिगेशनच्या गटाचा त्याच्याशी फारसा संबंध आला नव्हता. आराखड्याच्या चर्चांना हे लोक नव्हते. त्यांनी याआधी मार्स ग्लोबल सर्व्हेयर हे यान चालवलं होतं, त्याला पंखे दोन्ही बाजूंना होते, आणि हेही यान तसंच वागेल असं त्यांनी गृहीत धरलं. मुळात एका पंख्याचा परिणाम मोडून काढायला यान रोज 180 अंशांत उलटवायचं अशी योजना होती. पुढे ती गरजेची नाही म्हणून काढून टाकली गेली. त्यामुळे थ्रस्टर अपेक्षेच्या दहा ते चौदापट वेळा फुंकावे लागले. ते काढून टाकण्याचा आपल्या हिशोबावर काय परिणाम होईल हे वाट आखणाऱ्यांना नीट कळलंच नाही. शिवाय हा गट त्याच वेळी तीन मोहिमा सांभाळत होता.

शेवटचं छिद्र शेवटच्या आठवड्यात. वाट दुरुस्त करायच्या चार ठरलेल्या पायऱ्यांनंतर पाचवी एक राखीव होती. उंचीचा आकडा घसरतोय हे दिसल्यावर ती वापरावी का, अशी चर्चा झाली. ती वापरली गेली नाही. अहवाल लिहितो की तिची गरज किती निकडीची आहे हे दोन्ही गटांना पुरतं उमगलं नव्हतं, आणि ऐन वेळी ती करायची तर तिची तयारी व सराव झालेला नव्हता. ‘निर्णय घ्यायला कचरले’ असं लिहिणं किती सोपं होतं. पण जी गोष्ट कधी करून पाहिली नाही, ती उद्या सकाळी कोट्यवधी डॉलरच्या यानावर करू या, असं म्हणायला आपणही कचरलो असतो. सराव नव्हता हे वाक्य पुढच्या वेळी सराव करायला लावतं. कचरले हे वाक्य पुढच्या वेळी फक्त धीट माणूस नेमायला लावतं.

इथे भाषेबद्दल थोडं बोलायला हवं, कारण असा अहवाल मराठीत लिहायला बसलं की दोन खड्डे लागतात. पहिला खड्डा म्हणजे ‘हलगर्जीपणा’. आमच्या सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं, आणि पहिल्याच पावसात वरच्या मजल्यावर ओल आली. समितीच्या अहवालात दोन ओळी होत्या: कंत्राटदाराच्या हलगर्जीपणामुळे काम निकृष्ट झाले, सबब त्यास काळ्या यादीत टाकावे. टाकलं. पुढच्या वर्षी दुसरा कंत्राटदार आला, पुन्हा पैसे गेले, पुन्हा तिथेच ओल. तिसऱ्या वर्षी कुणीतरी गच्चीवर पाणी साठवून पाहिलं तेव्हा कळलं की एका कोपऱ्यात उतार पाइपाच्या उलट बाजूला आहे. काम ताब्यात घेण्याआधी दोन दिवस पाणी साठवून बघायचं, ही अट दोन्ही करारांत नव्हती. हलगर्जीपणा हा शब्द आला की शोध थांबतो, कारण गुन्हेगार सापडलेला असतो.

दुसरा खड्डा याच्या उलट दिशेला आहे, आणि आपले सरकारी अहवाल त्यात हमखास पडतात. कुणालाच दुखवायचं नाही म्हणून वाक्यातला कर्ताच काढून टाकायचा. ‘अपेक्षित समन्वय साधला गेला नाही.’ ‘काही त्रुटी राहून गेल्या.’ आपली भाषा यासाठी फार सोयीची आहे, गोष्टी तिच्यात आपोआप होतात. असं वाक्य वाचून उद्या सकाळी कुणी काय करायचं? मंगळाच्या अहवालाने मधली वाट काढली. त्यात चुकणाऱ्या माणसाचं नाव नाही, पण जागेचं नाव आहे: नेव्हिगेशन गट, यान चालवणारा गट, कंत्राटदाराकडचा प्रोग्रॅम, अमुक तपशीलपत्र, अमुक महिना. माणूस झाकला आहे, घटना उघडी आहे. गट अपुरा होता, त्याला पुरेसं प्रशिक्षण नव्हतं, हे तो कसलाही आडपडदा न ठेवता लिहितो. त्या गटातल्या माणसालाही ते वाचून अपमान वाटला नसेल, कारण तीच तक्रार तो स्वतः करत आला असणार.

आता शिफारशी. ‘दक्षता बाळगावी’, ‘संवाद वाढवावा’ अशा शिफारशी लिहायला अपघाताची गरज नसते. संवाद वाढवा हे वाक्य या अहवालातही आहे, ते टळत नाही बहुधा. पण त्याच्या शेजारची वाक्यं अशी आहेत: लँडरच्या आराखड्यात आणि वापरात सगळीकडे एकच एककं आहेत ना हे पडताळा. डेन्व्हर आणि जेपीएल यांच्यामध्ये जी जी माहिती जाते-येते, ती तपशीलपत्राप्रमाणे आहे का ते तपासा. लँडरसाठी छोट्या धक्क्यांचं गणित पुन्हा पाहा. यानाची जागा एका रीतीने काढली असेल तर दुसऱ्या स्वतंत्र रीतीने काढून ताडा. पाचवी दुरुस्ती करावी लागेल असं धरून तयारी ठेवा. शंका नोंदवायची औपचारिक रीत सगळ्यांना शिकवा आणि ती वापरा. प्रत्येक वाक्यामागे आठ कारणांपैकी एखादं उभं आहे. आणि प्रत्येक वाक्य असं आहे की तीन आठवड्यांनी ‘झालं का?’ असं विचारलं तर हो किंवा नाही एवढंच उत्तर देता येईल. मला विचाराल तर शिफारस चांगली की वाईट हे ठरवायला ही एवढी कसोटी पुरते.

मंडळ एककांपुरतंही थांबलं नाही. लँडरकडे बघताना त्याला थ्रस्टरच्या इंधननळ्या थंडीने गारठण्याची काळजी वाटली, आणि तिथल्या हीटरचं गणित पुन्हा करायला सांगितलं. उतरण्याच्या क्षणापर्यंत आणखी काय काय बिघडू शकतं याचं झाड मांडायला सांगितलं.

3 डिसेंबर 1999 ला मार्स पोलर लँडर मंगळाच्या वातावरणात शिरला. त्याच्याकडून पुन्हा काही ऐकू आलं नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, मग अहवालाचा उपयोग काय झाला? प्रश्न रास्त आहे. लँडर वाट चुकून गेला नाही, ठरल्या वेळी तो ठरल्या जागी पोहोचला होता. पुढच्या चौकशीत जे सर्वांत संभाव्य कारण निघालं ते पायांशी जोडलेलं होतं. उतरताना सुमारे दीड किलोमीटर उंचीवर लँडरचे तीन पाय उघडतात, त्या झटक्याने पायातल्या संवेदकाला क्षणभर जमिनीला टेकल्याचा भास होऊ शकतो. सॉफ्टवेअरने तो भास लक्षात ठेवला, आणि 40 मीटर उंचीवर ‘आता पाय टेकले का बघ’ अशी वेळ आली तेव्हा ‘टेकले’ असं समजून इंजिन बंद केलं. उतरताना यानाकडून माहिती पाठवण्याची सोयच ठेवलेली नव्हती, म्हणून याला ‘संभाव्य’च म्हणावं लागतं.

पण खरी बोचणारी गोष्ट पुढे आहे. असे क्षणिक भास विचारात घेऊ नयेत ही अट संपूर्ण यानाच्या पातळीवरच्या कागदात होती. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या कागदापर्यंत ती पोहोचली नाही. जमिनीवर पाय उघडण्याची चाचणी झाली होती, पण संवेदकाच्या तारा चुकीच्या जोडलेल्या असल्याने तिच्यात काही दिसलं नाही. तारा नीट केल्यावर पाय टेकण्याची चाचणी पुन्हा घेतली, पाय उघडण्याची घेतली नाही. म्हणजे बरोबर गोष्ट एका कागदात लिहिलेली, आणि ती दुसऱ्या टोकाला पोचली का हे पाहायला सलग चाचणी नाही. ऑर्बिटरचा रोग हाच होता. अहवालाने तो एककांच्या आणि नेव्हिगेशनच्या जागी शोधून बरा केला. तोच रोग लँडरच्या पायात आहे हे तीन आठवड्यांत, वाटेवर निघून गेलेल्या यानात, कुणाला दिसलं असतं का, याबद्दल मला शंका आहे. यान बांधताना दिसायला हवं होतं. धडे कितीही नेमके असले तरी ते ज्या खोलीत शिकले त्याच खोलीत लागू पडतात, शेजारच्या खोलीत ते नव्याने शोधावे लागतात. नेमकेपणाची ही किंमत असते.

शेजारच्या खोलीकडे बघण्याचं काम पुढच्या अहवालांनी केलं. मार्च 2000 मध्ये स्टीफनसन मंडळाचा दुसरा अहवाल आला, तो नासाच्या एकूण प्रकल्प चालवण्याच्या रीतीवर. त्याच महिन्यात टॉमस यंग यांच्या मंडळाने मंगळाच्या संपूर्ण कार्यक्रमाचा ताळा मांडला आणि लिहिलं की या दोन यानांच्या प्रकल्पाला किमान तीस टक्के पैसा कमी पडला होता. ‘अधिक जलद, अधिक चांगलं, अधिक स्वस्त’ हे त्या काळी नासाचं ब्रीद होतं. तीन मोहिमा सांभाळणारा तो अपुरा गट कुठून आला, याचं उत्तर इथे मिळतं. बोट न दाखवणारा अहवाल वर चढत जाऊ शकतो, हा त्याचा एक फायदा. खालच्या माणसावर दोष ठेवला की जिना तिथेच संपतो.

नंतर मंगळाकडे निघालं ते मार्स ओडिसी. 7 एप्रिल 2001 ला ते उडालं, आणि तेही लॉकहीड मार्टिनने बांधलेलं आणि जेपीएलने चालवलेलं. या वेळी डॉप्लरच्या जोडीला आणखी एक रीत वापरली. पृथ्वीवर एकमेकांपासून हजारो किलोमीटरवरच्या दोन अँटेना एकाच वेळी यानाचा आवाज ऐकतात. एकीला तो दुसरीपेक्षा किंचित आधी पोहोचतो. मग दोघीही जवळच दिसणाऱ्या एखाद्या क्वेसारकडे वळून त्याचा आवाज ऐकतात. क्वेसार इतका दूर असतो की तो जागचा हलत नाही असं धरता येतं. दोन्ही वेळांतला फरक ताडला की यान आकाशात आडवं कुठे आहे ते कळतं, म्हणजे डॉप्लरला जी दिशा दिसत नव्हती नेमकी तीच. ही रीत नवी नव्हती, ऑर्बिटरच्या आधीपासून माहीत होती. ती मागे पडली होती, एवढंच.

24 ऑक्टोबर 2001 रोजी ओडिसी मंगळापाशी आलं. मंगळाच्या उत्तर ध्रुवावरून 300 किलोमीटर उंचीवरून जायचं असं ठरलं होतं. ते त्या जागेच्या एक किलोमीटरच्या आत आलं, इंजिन पेटवून मंगळाच्या आड गेलं आणि ठरल्या वेळेला पलीकडून बोलू लागलं.